ऑनलाइन सर्वेक्षणात उत्तर न देणाऱ्यांमुळे येणारा कल आणि प्रतिसाद वाढवण्याचे उपाय

प्रश्न: आम्ही एका ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव नोंदवलेल्या ६,००० जणांना इमेलने प्रश्नावली पाठवली. तीन आठवड्यांत ९०० उत्तरे आली आणि त्यांतले ७८ टक्के लोक अभ्यासक्रमाबद्दल समाधानी आहेत. वरिष्ठांचे म्हणणे आहे की प्रतिसाद ३० टक्के झाल्याशिवाय अहवाल पुढे पाठवू नये. प्रतिसाद वाढवायचा कसा? आणि तो ३० टक्के झाला तर ७८ हा आकडा खात्रीचा मानता येईल का?

उत्तर:

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. प्रतिसाद ३० टक्के झाला, एवढ्यावरून ७८ हा आकडा खात्रीचा ठरणार नाही. तो वाढीव प्रतिसाद कोणाकडून आला यावर सारे ठरेल, आणि चुकीच्या रीतीने वाढवला तर आकडा आजच्यापेक्षा अधिक चुकीचाही होऊ शकतो.

उत्तर न देणाऱ्यांमुळे येणारी चूक, म्हणजे ज्याला आपण नॉन-रिस्पॉन्स बायस किंवा कल म्हणतो ती, दोन गोष्टींचा गुणाकार असते. उत्तर न देणाऱ्यांचे प्रमाण ही पहिली, आणि उत्तर देणारे व न देणारे यांच्या सरासरीतला फरक ही दुसरी. तुमच्याकडे पहिली संख्या आहे, ती ८५ टक्के. दुसरीबद्दल तुम्हाला आज काहीही ठाऊक नाही, आणि ७८ हा आकडा पुढे पाठवताना ती शून्य आहे असे न बोलता गृहीत धरले जाते. हे गृहीतक किती मोठे आहे ते पाहा. ९०० पैकी ७०२ जण समाधानी आहेत. उरलेले ५,१०० जण सगळेच असमाधानी असतील तर खरा आकडा १२ टक्क्यांच्या आसपास येतो, आणि सगळेच समाधानी असतील तर ९७ च्या आसपास. प्रत्यक्षात या दोन टोकांवर कोणी नसते, हे खरे. पण सर्वेक्षणाच्या सॉफ्टवेअरने दाखवलेली ‘अधिक-उणे पावणेतीन टक्के’ ही मर्यादा या प्रश्नाला स्पर्शही करत नाही. ते ९०० जण चिठ्ठ्या टाकून निवडले होते असे मानून ती काढलेली असते. ते तर स्वतःच स्वतःला निवडून आले आहेत.

उत्तरांची संख्या वाढली की चूक आपोआप घटते, हा समज फार खोल रुजलेला आहे, म्हणून एक नोंदलेले उदाहरण सांगतो. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेत किती प्रौढांनी कोविड लशीची पहिली मात्रा घेतली, याचा अंदाज अनेक ऑनलाइन सर्वेक्षणे देत होती. फेसबुकच्या वापरकर्त्यांमधून दर आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरे गोळा करणाऱ्या डेल्फी-फेसबुक सर्वेक्षणाचा आकडा प्रत्यक्ष नोंदींपेक्षा १७ टक्के अंकांनी जास्त निघाला. जनगणना विभागाच्या ‘हाउसहोल्ड पल्स’ या सर्वेक्षणाचा आकडा १४ अंकांनी जास्त होता. त्याच काळात सुमारे एक हजार उत्तरांवर चालणाऱ्या ॲक्सिऑस-इप्सॉस सर्वेक्षणाचा अंदाज मात्र खऱ्या आकड्याच्या जवळ होता. त्याचे उत्तरदाते संभाव्यता-नमुन्याने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, आधीच निवडून ठेवलेले होते, आणि ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हते त्यांना ते पुरवले जात होते. फेसबुकच्या सर्वेक्षणातली सगळी चूक काही प्रतिसादाची नव्हती, फेसबुक न वापरणारे त्यात मुळातच येत नव्हते. तरीही अडीच लाखांच्या संख्येने ती चूक झाकली मात्र गेली, कारण त्रुटीची मर्यादा जवळजवळ शून्य दिसत होती.

प्रतिसादाचा दर आणि चूक यांचा संबंध किती सैल आहे, हे ग्रोव्ह्ज आणि पेचेवा यांनी २००८ मध्ये ५९ अभ्यास एकत्र करून दाखवले. एकाच सर्वेक्षणातल्या, म्हणजे एकाच प्रतिसाद-दराच्या, वेगवेगळ्या प्रश्नांमध्ये चूक फार कमीजास्त आढळली. याचा अर्थ ‘आमच्या सर्वेक्षणात कल आहे का’ असा एकच प्रश्न विचारून भागत नाही. वयाबद्दलचा आकडा ठीक असेल आणि समाधानाबद्दलचा बिघडलेला असेल. ज्या गोष्टीमुळे माणूस उत्तर द्यायला बसतो, तिचाच संबंध मोजायच्या गोष्टीशी असला की आकडा बिघडतो. समाधानाच्या सर्वेक्षणात हा संबंध जवळजवळ नेहमीच असतो, कारण ज्याने पाचव्या धड्यानंतर अभ्यासक्रम सोडला त्याला तुमच्या इमेलबद्दल काहीच वाटत नाही.

आता तुमच्याच आकड्यांवर काम करू. तुमच्याकडे प्रत्येकाने किती धडे पूर्ण केले याची नोंद असणारच, आणि प्रश्नावली वैयक्तिक लिंकने पाठवली असेल तर ती नोंद उत्तरांशी जोडता येते. समजा ६,००० पैकी २,००० जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला आणि ४,००० जणांनी मध्येच सोडला. समजा ९०० उत्तरांपैकी ६०० पूर्ण करणाऱ्यांची आणि ३०० सोडणाऱ्यांची आहेत, म्हणजे पहिल्या गटाचा प्रतिसाद ३० टक्के आणि दुसऱ्याचा अवघा साडेसात टक्के आहे. आणि समजा पहिल्या गटातले ८७ टक्के व दुसऱ्यातले ६० टक्के समाधानी आहेत. हे ५२२ आणि १८० मिळून ७०२ होतात, म्हणजे तुमचे ७८ टक्के बरोबर जमतात. पण यादीत सोडणारे दोन तृतीयांश आहेत आणि उत्तरांत एक तृतीयांश. दोन्ही गटांना यादीतल्या प्रमाणाइतका भार दिला, म्हणजे ८७ चा एक तृतीयांश आणि ६० चे दोन तृतीयांश मिळवले, की आकडा ७८ वरून ६९ वर येतो. हे गणित तुम्ही आजच्या आज करू शकता, त्यासाठी एकही नवे उत्तर लागत नाही. सर्वेक्षण पाठवण्याआधी यादीत कोणकोणती माहिती आहे हे लिहून ठेवावे असा माझा आग्रह असतो तो याचसाठी. नुसती खुली लिंक फिरवली की हा दरवाजा कायमचा बंद होतो.

याच उदाहरणात वरिष्ठांचा हट्ट पुरवायचा म्हणून सर्वांना तेच स्मरणपत्र पुन्हा पाठवले तर काय होईल? स्मरणपत्राला सहसा तेच लोक उत्तर देतात जे मनातून द्यायलाच निघालेले होते आणि राहून गेले. समजा आणखी ६०० उत्तरे आली आणि त्यांत ४८० पूर्ण करणारे निघाले. प्रतिसाद १५ वरून २५ टक्क्यांवर जाईल, वरिष्ठांना बरे वाटेल, आणि समाधानी लोकांचे प्रमाण ७८ वरून ७९ च्या पुढे सरकेल. दर वाढला आणि आकडा खऱ्यापासून आणखी दूर गेला. म्हणून एकूण दराकडे न पाहता गटवार दर पाहावेत. ३० आणि साडेसात यांतले अंतर कमी होते आहे की वाढते आहे, हा तुमच्यासाठी रोजचा आकडा असायला हवा.

तेव्हा प्रतिसाद वाढवायचा तो मागे पडलेल्या गटात. पण त्याआधी उत्तरे नेमकी कुठे गळतात ते शोधा. पाठवलेले, पोचलेले, पहिला प्रश्न पाहिलेले आणि शेवटपर्यंत गेलेले, असे चार आकडे दोन्ही गटांसाठी वेगवेगळे काढा. पोचण्यातच गळती असेल तर मजकूर कितीही सुधारून उपयोग नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने इमेल पाठवणाऱ्यांना SPF, DKIM आणि DMARC या, इमेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून आले हे पटवणाऱ्या, तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या आहेत. तुमच्या डोमेनवर त्या नीट नसतील तर इमेल नाकारले जाईल किंवा स्पॅममध्ये पडेल, आणि तुम्ही त्या माणसाला ‘उत्तर न देणारा’ म्हणत बसाल. नव्या डोमेनवरून एका तासात ६,००० इमेल सोडू नका. दोनतीनशेपासून सुरुवात करून काही दिवसांत संख्या वाढवा.

इमेल किती जणांनी उघडले या आकड्यावर मात्र विसंबू नका. इमेलमधले चित्र उतरवले गेले यावरून तो मोजला जातो, आणि २०२१ पासून ॲपलचे मेल ॲप ही चित्रे आधीच आणून ठेवते, त्यामुळे न उघडलेले इमेलही उघडलेले दिसते. लिंकवरच्या क्लिकचेही तसेच आहे, कारण कार्यालयीन मेल-यंत्रणा लिंक सुरक्षित आहे का हे पाहायला स्वतःच ती उघडतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नोंदले गेले तेव्हाच माणूस आला असे धरा.

विषयाच्या ओळीबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ‘तुम्हाला आमचा अभ्यासक्रम कसा वाटला?’ अशी ओळ लिहिली की ज्यांना तो फार आवडला किंवा फार खटकला तेच इमेल उघडतात, आणि जे मधल्यामध्ये आहेत किंवा ज्यांना काहीच वाटत नाही ते पुढे सरकतात. म्हणजे तुम्ही विषयाच्या ओळीतच कल पेरला. त्यापेक्षा ‘पुढच्या तुकडीचे वेळापत्रक ठरवण्यासाठी तुमची दोन मिनिटे’ यासारखी ओळ, जी खरी असेल आणि समाधानाचा उल्लेख करणार नाही, ती कमी कल आणते. सोडून गेलेल्यांसाठी मजकूर वेगळा हवाच. ज्याने तीन धडे पाहिले त्याला ‘अभ्यासक्रम पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन’ असे इमेल गेलेले मी पाहिले आहे. अशा माणसाला ‘तुम्ही अभ्यासक्रम पूर्ण केला नसला तरी, किंबहुना म्हणूनच, तुमचे उत्तर आम्हाला हवे आहे’ असे पहिल्याच वाक्यात सांगावे, कारण त्याला वाटत असते की ही प्रश्नावली आपल्यासाठी नाहीच.

स्मरणपत्रे दोनतीन पाठवावीत, वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या वेळी, प्रत्येकात नवे काहीतरी सांगणारी, आणि ज्यांनी उत्तर दिले त्यांना वगळून. ज्याने उत्तर दिले आहे त्याला पुन्हा स्मरणपत्र मिळाले की पुढच्या वर्षीचा त्याचा प्रतिसाद तुम्ही गमावलात असे समजा. पाठवणाऱ्याच्या जागी त्यांनी वर्गात पाहिलेल्या शिक्षकाचे नाव असावे, आणि उलट लिहिलेले इमेल वाचणारे कोणीतरी असावे. एका संस्थेत मी कामाला सुरुवात केली तेव्हा सर्वेक्षणाची इमेल ‘कृपया उत्तर देऊ नका’ अशा पत्त्यावरून जात होती. तरी त्या पेटीत चाळीसएक उत्तरे साचलेली होती, आणि निम्म्यांत लिहिले होते की लिंक मोबाइलवर उघडत नाही. ती पेटी त्याआधी कोणीच पाहिलेली नव्हती.

प्रश्नावलीची लांबी खरी सांगा. १५ मिनिटांच्या प्रश्नावलीला ‘फक्त ५ मिनिटे’ म्हटले तर सुरुवात करणारे वाढतात, पण मध्येच सोडणारेही वाढतात. महत्त्वाचा प्रश्न पहिल्या पडद्यावरच ठेवा, म्हणजे सोडणाऱ्याकडूनही तेवढे मिळते. मोबाइलवर आडवी सरकवावी लागणारी तक्त्यांची उत्तरे टाळा. प्रगती दाखवणारी पट्टी घालून गळती कमी होईल ही अपेक्षा मात्र सोडून द्या.

मोबदल्याचे दोन प्रकार असतात आणि त्यांच्या परिणामात मोठा फरक आहे. आधीच, विनाअट दिलेली छोटी भेट प्रतिसाद वाढवते, आणि उत्तर दिल्यावर देऊ केलेल्या तेवढ्याच रकमेपेक्षा जास्त वाढवते. हे टपालाच्या सर्वेक्षणांपासून वारंवार दिसून आले आहे. विषयात रस नसलेल्यांना उत्तर द्यायला दुसरे कारण मिळते, हा तिचा खरा उपयोग आहे. सोडतीतून एकाला मोठे बक्षीस, ही लोकप्रिय युक्ती त्या मानाने फिकी पडते, आणि लिंक खुली असेल तर एकाच माणसाची दहा उत्तरे घेऊन येते. ६,००० जणांना आधी भेट द्यायला पैसे नसतात, हे मला ठाऊक आहे. पण सर्वांना द्यायची गरजच नसते, आणि याच जागी माझ्या मते तुमच्या हातातला सर्वांत उपयोगी उपाय येतो.

हॅन्सन आणि हर्विट्झ यांनी १९४६ मध्ये टपालाच्या सर्वेक्षणांसाठी एक रीत मांडली. उत्तर न देणाऱ्या सर्वांच्या मागे थोडे थोडे धावण्याऐवजी त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून एक लहान नमुना काढायचा आणि त्या नमुन्यातल्या माणसांपर्यंत पोचण्यासाठी सगळी ताकद लावायची. ऑनलाइन सर्वेक्षणाला ती आजही तशीच लागू पडते. तुमच्या ५,१०० जणांमधून ३०० जण यादृच्छिक पद्धतीने निवडा. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येकापुढे यादृच्छिक अंक टाकून क्रम लावला की काम झाले. ही यादी एकदा निघाली की तीत बदल करायचा नाही. ‘याचा फोन लागत नाही, म्हणून पुढचा घेऊ’ असे केले की सगळी रीतच मोडते, कारण ज्याचा फोन लागत नाही तोच आपल्याला हवा आहे. या ३०० जणांसाठी प्रश्नावली तीन प्रश्नांची करा आणि त्यांत समाधानाचा प्रश्न मूळ शब्दांतच ठेवा. आधी छोटी भेट पाठवा, मग संदेश, मग फोन, वेगवेगळ्या दिवशी चारपाच वेळा. ६,००० जणांवर हे अशक्य असते. ३०० जणांवर दोन माणसे दोन आठवड्यांत ते करतात.

समजा या ३०० पैकी १८० जणांनी उत्तर दिले आणि त्यांतले ९९ समाधानी निघाले, म्हणजे ५५ टक्के. आता हिशेब असा मांडायचा की यादीतल्या १५ टक्के लोकांसाठी ७८ आणि उरलेल्या ८५ टक्क्यांसाठी ५५.

```
0.15 × 78 + 0.85 × 55 = 58.45
```

म्हणजे खरा आकडा ५८ च्या आसपास आहे. अनिश्चितता मुख्यतः त्या १८० उत्तरांची, साधारण अधिक-उणे सहा अंकांची, तेव्हा ५२ ते ६५ असा पल्ला धरावा. मूळ ७८ मधली चूक २० अंकांच्या जवळ होती, आणि तिच्याभोवती पावणेतीन अंकांची मर्यादा लावून आपण निश्चिंत होतो. गटांना भार देऊन काढलेला ६९ हा आकडा योग्य दिशेने सरकला होता, पण तोही या पल्ल्यात येत नाही. कारण उघड आहे. सोडून गेलेल्यांपैकी ज्यांनी आपणहून उत्तर दिले ते इतर सोडून गेलेल्यांसारखे नव्हते. भार देण्याची पद्धत गटागटांतला फरक भरून काढते, पण गटाच्या आत उत्तर देणारे आणि न देणारे सारखेच आहेत असे तिला मानावे लागते, आणि ते खरे आहे का हे तपासण्याचे साधन तिच्याजवळ नसते.

या रीतीलाही मर्यादा आहे. ३०० पैकी १२० जण तरीही निसटले, म्हणजे ६,००० च्या यादीतला ३४ टक्के भाग अजून अंधारातच आहे. पण आधी तो ८५ टक्के होता. दुसरी अडचण अशी की फोनवर माणूस समोरच्याचे मन राखायला थोडे गोड बोलतो, आणि इमेलवर ज्याने ‘असमाधानी’ निवडले असते तो फोनवर ‘ठीक होते’ म्हणतो. त्यामुळे ५५ हा आकडाही किंचित वरचा असू शकतो. शक्य असेल तर फोनवर फक्त विनंती करावी आणि उत्तर लिंकवरच घ्यावे.

पहिल्या आठवड्यात आणि तिसऱ्या आठवड्यात आलेल्या उत्तरांची तुलना करून उत्तर न देणाऱ्यांचा अंदाज बांधण्याची पद्धत तुम्हाला कोणीतरी सुचवेल. ती फुकट आहे, म्हणून जरूर करून पाहा. उशिरा उत्तर देणाऱ्यांत समाधान स्पष्ट घसरताना दिसले तर धोक्याची घंटा वाजली असे समजा. पण घसरण दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण उशिरा का होईना उत्तर देणारा माणूस हा शेवटी उत्तर देणाराच असतो. आणखी ५,००० पत्ते मिळवून त्यांनाही प्रश्नावली पाठवावी, हा दुसरा सल्ला तर सरळ बाजूला ठेवा. त्याने उत्तरे वाढतील, मर्यादा आणखी अरुंद दिसेल आणि चूक जिथल्या तिथे राहील.

अहवालात ५८ हा आकडा, ५२ ते ६५ हा पल्ला, दोन्ही गटांचे मूळ प्रतिसाद-दर, आणि ३०० पैकी १८० हे सर्व लिहा. ७८ सुद्धा लिहा, पण ‘आपणहून उत्तर देणाऱ्यांपैकी’ हे शब्द त्याच्याआधी असू द्या. वरिष्ठांना ३० टक्के या संख्येऐवजी असे सांगून पाहा की पाठपुरावा केलेल्या नमुन्याला त्याचा योग्य भार दिला तर तुमचा प्रतिसाद ६६ टक्के होतो: १५ टक्के पहिल्या फेरीचे आणि उरलेल्या ८५ चे ६० टक्के म्हणजे ५१. पुढच्या तुकडीच्या वेळी प्रश्नावली पाठवण्याच्या दिवशीच पाठपुराव्याच्या ३०० जणांचा खर्च बाजूला काढून ठेवा, कारण तिसऱ्या स्मरणपत्रानंतर त्यासाठी पैसे मागितले की ते सहसा मिळत नाहीत.